सरत्या वर्षाचा निरोप, जुन्या मित्रांच्या नावे

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी मोबाइलवर येणाऱ्या शुभेच्छांपैकी बहुतेक कोणालाही पाठवता येतील अशा असतात. आतषबाजीचे चित्र, सोनेरी अक्षरे आणि 'नवे वर्ष सुखसमृद्धीचे जावो' हे वाक्य. ती पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण पन्नास वर्षे एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या गटात असे चित्र आले, की ते न उघडताच पुढे सरकवले जाते. जुन्या मित्रांना लिहायचा निरोप वेगळा असतो. त्यातील मजकूर त्या गटाबाहेरच्या कोणाला कळू नये, आणि गटातील प्रत्येकाला मात्र तो आपल्याविषयी आहे असे वाटावे.

उदाहरणादाखल एक गट डोळ्यांसमोर आणावा. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. त्या वर्षी सांगलीच्या एका शाळेतून उत्तीर्ण झालेले हे अकरा मित्रमैत्रिणी. २०२५ मध्ये परीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण झाली, म्हणून वर्षभर भेटीगाठी झाल्या. ऑगस्टमध्ये त्यांच्यातील एक जण गेला. बाहुबलीच्या सहलीनंतर गाडीच्या भाड्यातील चौदाशे रुपयांवरून दोघांत अबोला धरला गेला. निरोप लिहिण्याची पाळी ज्याच्यावर आली आहे, त्याने या वर्षाकडे हसून पाहायचे आहे. ते कसे साधावे, हा खरा प्रश्न आहे.

लिहिणाऱ्याने आधी आठवणीवर विसंबू नये. स्मरणात मोठे प्रसंग राहतात आणि गंमत नेमकी लहान प्रसंगांत असते. गटातील जानेवारीपासूनचे संदेश आणि छायाचित्रे एकदा सावकाश चाळावीत व महिन्यागणिक दोन-तीन नोंदी कागदावर कराव्यात. तीस-पस्तीस नोंदी सहज जमतात. त्यांतून आठ-दहाच ठेवायच्या असतात. निवड करताना समोर सदस्यांच्या नावांची यादी असावी आणि नोंद घेतली की त्या नावापुढे खूण करावी. चार वाक्ये एकावर आणि दुसऱ्यावर एकही नाही, असे झाले तर वगळला गेलेला माणूस तक्रार करत नाही. तो पुढल्या भेटीला येत नाही. वर्षभर केवळ अंगठ्याचे चिन्ह पाठवणाऱ्यालाही एक वाक्य मिळालेच पाहिजे.

विनोदाचा प्रश्न यानंतर येतो. गटातील निवृत्त शिक्षकांची ऑक्टोबरमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पहिल्या कच्च्या खर्ड्यात सुचणारे वाक्य बहुधा असे असते : 'मास्तरांचा गुडघा नवा झाला, बाकी गाडी जुनीच!' हे वाक्य कोणत्याही गुडघ्याला लागू पडते आणि ते माणसाच्या शरीराला हसते. रुग्णालयातील तीन रात्री ज्यांनी जागून काढल्या, त्या त्यांच्या पत्नीला ते वाचून हसू येणार नाही. त्याऐवजी मास्तरांनी स्वतःच सांगितलेली हकिगत घ्यावी. व्यायामाच्या सूचनांचा जो कागद त्यांना मिळाला, त्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका त्यांनी लाल पेनाने सुधारून परत दिल्या. येथे हसू येते ते त्यांच्या स्वभावाचे, आणि तो स्वभाव गटाला प्रिय आहे. यावरून एक सोपी कसोटी हाती लागते. प्रत्येक वाक्य त्या व्यक्तीच्या घरातील माणसाने मोठ्याने वाचले तर कसे वाटेल, हे मनाशी पाहावे. आवाज अडखळेल असे वाटले तर वाक्य काढावे. आजार, मुलांच्या नोकऱ्या, घरातील लग्ने ठरणे-न ठरणे आणि पैसा यांवरील वाक्ये बहुधा येथेच गळतात.

अबोला धरलेल्या दोघांच्या बाबतीत मोह अधिक असतो. सहल बाहुबलीची, भांडण दोन जिवलगांचे. तेव्हा भरत-बाहुबलीच्या युद्धाची कोटी आपसूकच सुचते. ती करू नये. कोटीत कोणाची बाजू घेतलेली नसली, तरी दोघांतील गोष्ट त्यामुळे सर्वांच्या देखत मांडली जाते आणि मग माघार घेणे दोघांनाही जड जाते. तो विषय पूर्ण टाळून एकाचेच नाव घेतले, तर दुसरा त्यातून अर्थ काढतो. मध्यम मार्ग असा, की दोघांना शेजारी शेजारी, एकाच वाक्यात, पैशांशी संबंध नसलेल्या कामात एकत्र दाखवावे. समेट निरोपातून होत नाही. निरोपाने त्याची वाट अडवू नये, एवढेच.

सर्वांत अवघड भाग गेलेल्या मित्राचा. त्याचा क्रमांक अजून गटात आहे आणि तो फोन आता त्याच्या घरी वाचला जातो, हे लिहिणाऱ्याने विसरता कामा नये. म्हणून लिहिण्याआधी त्या घरी फोन करून विचारावे, की त्याची आठवण निरोपात घेतली तर चालेल ना. मजकुरात गुणवर्णन नको. ते शोकसभेत झालेले असते. त्याच्या नसण्याने जे प्रत्यक्ष घडले तेवढेच सांगावे, तीन-चार लहान वाक्यांत. त्याची जागा निरोपाच्या आरंभी नसावी, कारण मग पुढे हसणे अशक्य होते. अगदी शेवटीही नसावी, कारण मग सगळे तेथेच थांबून राहतात. हसून झाल्यावर आणि पुढल्या भेटीच्या आधी, ही त्याची जागा.

या रीतीने दुसऱ्यांदा लिहून काढलेला निरोप असा होईल :

'मित्रमैत्रिणींनो, पन्नास वर्षांपूर्वी दहावीचे प्रगतिपुस्तक मिळाले होते. हे २०२५ चे घ्या. पालकांची सही लागणार नाही, नातवंडांची चालेल.

जानेवारीत जयसिंगपूरच्या शेतावर हुरडा झाला. यजमानाने 'थोडाच आहे' असे सांगून जे वाढले, ते आपण संक्रांतीपर्यंत पचवत होतो. फेब्रुवारीत बाहुबलीचा डोंगर चढलो. खजिनदार आणि गाडीवाला यांनी मधल्या पायरीवर सर्वांना एकत्र बसवून जे छायाचित्र काढवले, त्यात प्रथमच सर्वांचे डोळे उघडे आहेत. ते चौकटीत लावण्यासारखे आहे. मे महिन्यात शाळेत गेलो. बाके लहान झाली आहेत, असे सर्वानुमते ठरले.

पावसाळ्यात आयर्विन पुलाची पाणीपातळी आपल्याला सरकारी पत्रकाआधी कळत होती. ती पाठवणाऱ्याने नोव्हेंबरातही पातळी कळवली, त्यामुळे नदी जागेवर असल्याची खात्री पटली. आपली एक मैत्रीण सहासष्टाव्या वर्षी पोहायला शिकली. शिकवणारा बावीस वर्षांचा मुलगा म्हणाला, 'काकू, घाबरू नका.' ती म्हणाली, 'घाबरत नाही रे, चष्म्याविना भिंत दिसत नाही.' दुसरी मैत्रीण आजी झाली आणि वर्षभरात एकाच बाळाची दोनशे सहा छायाचित्रे आली. दोनशे सातव्याची वाट पाहत आहोत. मास्तरांनी व्यायामाचा कागद लाल पेनाने तपासून परत दिला. दहापैकी सहा गुण. न्यू जर्सीकराच्या शुभेच्छा यंदाही साडेदहा तास उशिरा येतील. शाळेतही तो दुसऱ्या तासालाच येत असे. आपल्या अंगठाबहाद्दराने वर्षभर कशालाही नकार दिला नाही, म्हणून पुढल्या सहलीचे स्थळ त्यानेच सुचवावे. उत्तर अक्षरांत द्यावे. प्रस्तुत लेखक यंदा तीन भेटींना चुकीच्या दिवशी पोहोचला; त्याला चहा मात्र तिन्ही वेळा मिळाला.

दिवाळीच्या भेटीत सवयीने अकरा कप चहा सांगितला गेला. तो कोणी दुरुस्त केला नाही. अकरावा कप निवेपर्यंत टेबलावर होता. पहिल्या बाकावरचा आपला गडी असता तर म्हणाला असता, 'वाया कशाला घालवता?'

रविवार, ४ जानेवारी २०२६, सकाळी दहा, शाळेच्या फाटकाशी. नाश्ता करून येऊ नये.'

या निरोपात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सर्वांत मोठी फजिती लिहिणाऱ्याने स्वतःची सांगितली आहे. दहा जणांची थट्टा करणारा स्वतः मात्र सुटला, तर गंमत देखरेखीसारखी वाटू लागते. दुसरी गोष्ट शेवटाची. 'लवकरच भेटू' हे वाक्य कोणालाही बांधत नाही. वार, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिले की भेटीची तयारी त्याच रात्री सुरू होते.

लांबीला मर्यादा असावी. मोठ्याने वाचताना दोन-अडीच मिनिटे पुरेत. व्हॉट्सॲपवर लांब मजकूर अर्ध्यात दुमडला जातो आणि खाली 'आणखी वाचा' असे येते. म्हणून हसू आणणारे पहिले वाक्य आरंभीच यावे. पाठवण्याची वेळही महत्त्वाची आहे. मध्यरात्री पाठवलेला निरोप चित्रांच्या गर्दीत बुडतो, आणि या वयातील निम्मी मंडळी तोवर झोपलेली असतात. संध्याकाळी सात ही वेळ सोयीची. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांची जेवणे झालेली असतात आणि न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. पाठवण्याआधी नावे व तारखा पुन्हा ताडून पाहाव्यात, कारण पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर राहिलेली चूक पुढील वर्षीच्या निरोपाचा विषय होते.

पाठवून झाल्यावर लिहिणाऱ्याने गप्प बसावे. कोण हसले, कोणी काय चिन्ह पाठवले, हे मोजू नये. निरोप पोहोचल्याची खूण निराळी असते. थोड्या वेळाने कोणीतरी लिहितो, 'अरे, शाळेत शिपायाने आपल्याला पालक समजून ऑफिसात बसवले होते, ते विसरलास!' मग दुसरा त्यात भर घालतो, तिसरा तपशील दुरुस्त करतो, आणि वर्षाचे पुस्तक सगळे मिळून लिहू लागतात. त्या रात्री खजिनदाराच्या वाक्याला गाडीवाल्याने नुसते 'बरोबर' म्हणून उत्तर दिले, तरी चौदाशे रुपयांचा हिशेब बराचसा मिटला असे समजावे.