जागा बदलली की निकाल फिरतो

दही लावताना दूध किती गरम असावं? एक उत्तर म्हणतं, ‘बोटाला सोसवेल इतकं.’ दुसरं म्हणतं, ‘40 ते 45 अंश, त्याहून जास्त तापलं तर विरजण मरतं.’ यातलं सरस कोणतं हे ठरवायला हल्ली माणसाऐवजी एखादं भाषा-मॉडेलच परीक्षक म्हणून बसवतात. प्रश्न आणि दोन्ही उत्तरं द्यायची. त्यानं शेवटी `[[A]]`, `[[B]]` किंवा बरोबरीसाठी `[[C]]` लिहायचं. हजारो जोड्या माणसांकडून तपासून घेणं परवडत नाही, म्हणून हा खटाटोप.

पण या परीक्षकाला एक खोड असते. 2023 मध्ये बर्कली आणि इतर विद्यापीठांतल्या संशोधकांनी जीपीटी-3.5 कडून एकाच प्रश्नाची दोन मिळतीजुळती उत्तरं घेतली आणि ती परीक्षक मॉडेलांपुढे दोनदा ठेवली, दुसऱ्यांदा क्रम उलटा करून. जीपीटी-4 चा निकाल 65 टक्के वेळा कायम राहिला. 30 टक्के वेळा मात्र त्याने दोन्ही खेपेला पहिल्या जागेवरचं उत्तरच निवडलं. क्लॉड-व्ही1 तर 75 टक्के वेळा पहिल्या जागेकडे झुकला. उत्तरं तुल्यबळ असली की ही खोड जास्त उघडी पडते. एक धडधडीत चुकीचं असेल तर क्रमाने फारसं बिघडत नाही.

‘क्रमाकडे पाहू नकोस’ अशी सूचना लिहून भागत नाही. उपाय साधा आहे, तो म्हणजे प्रत्येक जोडी दोन्ही क्रमांनी तपासायची. आपल्या दह्याच्या प्रश्नात पहिल्या फेरीत ‘बोटाला सोसवेल’ हे A होतं आणि निकाल आला `[[A]]`. दुसऱ्या फेरीत तेच उत्तर B झालं. आता `[[B]]` आलं, तरच ते जिंकलं. पुन्हा `[[A]]` आलं तर परीक्षकाने उत्तर निवडलंच नाही, जागा निवडली. तिथे बरोबरी नोंदवायची. घोळ होतो तो इथेच. दुसऱ्या फेरीतली अक्षरं उलटी वाचायची राहिली, तर नेमके डळमळीत निकाल ठाम म्हणून मोजले जातात, आणि आकडे दिसायला मात्र सुरेख दिसतात.

खर्च दुप्पट होतो म्हणून काही जण एकच फेरी घेतात आणि क्रम नाणेफेकीने ठरवतात. शेकडो प्रश्नांच्या बेरजेत कुणा एकाला फुकटचा फायदा मिळत नाही हे खरं. पण एकेका जोडीचा निकाल विश्वासाचा राहत नाही, शिवाय सरस मॉडेलची आघाडी आहे त्याहून कमी दिसते.

माझ्या मते दोन बरोबऱ्या वेगळ्या मोजाव्यात. परीक्षकाने स्वतः दिलेली `[[C]]` निराळी आणि क्रम उलटताच फिरलेला निकाल निराळा. दुसरा आकडा फुगला तर दोष उत्तरांत नसून परीक्षकात असण्याची शक्यता जास्त.

आणि क्रम उलटून पकडता येते ती एवढी एकच खोड. लांबलचक उत्तरांवर भाळणारा परीक्षक दोन्ही फेऱ्यांत लांब उत्तरालाच जिंकवेल, आणि या चाचणीत तो अगदी निर्दोष ठरेल.