दुसरा परमिट दिसलाच नाही

6 जुलै 1988. उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेलमंचावर दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला. मोकळ्या जागी झाकण बसवले, पण काम अपुरे राहिले. पंपदुरुस्तीचा परमिट वेगळा होता, व्हॉल्व्हचा वेगळा.

रात्री शेजारचा पंप बंद पडला. पाळीला पंपाचा परमिट ठाऊक होता, व्हॉल्व्हचा नव्हता. त्यांनी पंप सुरू केला. चौकशीच्या निष्कर्षानुसार त्या झाकणातून वायू गळला आणि स्फोट झाला. 167 जण मेले.

वर्क परमिटमध्ये म्हणूनच तीन गोष्टी येतात. वायूचे प्रमाण तपासल्याची नोंद. वीज तोडून, व्हॉल्व्ह बंद करून कुलूप आणि पाटी लावल्याची नोंद. मग देणारा आणि घेणारा, दोघांच्या जागेवर जाऊन केलेल्या सह्या. एकाच यंत्रावर दोन परमिट असतील, तर प्रत्येकावर दुसऱ्याचा क्रमांक हवा. पाळी बदलताना अपुरे काम तोंडी सांगून, नव्या माणसाची सही घ्यायची. काम संपल्यावर दोघांनी परमिट बंद केल्याशिवाय कुलूप काढायचे नाही.