तिसऱ्या दशांशस्थळी लपलेला वायू

एक लिटर नायट्रोजनचं वजन किती? लॉर्ड रॅले यांनी १८९०च्या सुमारास हे मोजायला घेतलं. काचेचा गोल निर्वात करून तोलायचा, मग वायू भरून पुन्हा तोलायचा. शून्य अंश सेल्सिअस आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला रसायनांपासून काढलेला नायट्रोजन भरला १.२५०५ ग्रॅम. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून उरलेला मात्र १.२५७२ ग्रॅम. दुसरा कुणी असता तर तराजूला दोष देऊन मोकळा झाला असता. रॅले अडून बसले.

या आकड्यांतून वायूची ओळख कशी पटते? आदर्श वायूचं समीकरण आहे PV = nRT. यातला n म्हणजे मोलची संख्या, आणि ती मिळते वायूचं वस्तुमान m ला मोलर वस्तुमान M ने भागून. n च्या जागी m/M ठेवा. आता m/V म्हणजे घनता d, म्हणून हाती येतं:

M = dRT/P

लिटर आणि ॲटमॉस्फिअर वापरले, तर R ०.०८२१. तापमान मात्र केल्विनमध्येच हवं. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३ केल्विन. तिथे चुकून नुसतं शून्य घातलंत, तर उत्तरही शून्य येईल आणि वायूच नाहीसा होईल!

रसायनांतल्या नायट्रोजनसाठी १.२५०५ × ०.०८२१ × २७३ ÷ १ म्हणजे २८.०३. खरा आकडा २८.०१, उरलेला फरक वायू पुरेपूर ‘आदर्श’ नसल्याचा. हवेतल्या ‘नायट्रोजन’चं उत्तर येतं २८.१८. हे कोणत्याच एका वायूचं मोलर वस्तुमान नाही. मिश्रण असलं की हे सूत्र सरासरी देतं, आणि ते मिश्रण आहे हे सांगतही नाही. म्हणजे नायट्रोजनमध्ये त्याहून जड असं काहीतरी मिसळलेलं होतं.

विल्यम रॅमसे यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला हा ‘नायट्रोजन’ पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशियमने नायट्रोजन गिळला आणि मागे थोडासा वायू उरला, कशाशीच संयोग न करणारा. त्याच तापमानाला आणि दाबाला त्याची घनता, आजच्या मोजणीनुसार, लिटरला १.७८४ ग्रॅम. सूत्रात घाला: १.७८४ × ०.०८२१ × २७३, म्हणजे जवळपास ४०. १८९४ साली जाहीर झालेला हा नवा वायू म्हणजे आर्गॉन. ग्रीक भाषेत ‘आळशी’.

मला खरी गंमत वाटते ती पुढे. हाच आर्गॉन त्याच दाबाला, पण २७ अंशांच्या खोलीत, म्हणजे ३०० केल्विनला तोला. सूत्र उलटं फिरवलं की d = PM/RT, म्हणजे ४० ÷ (०.०८२१ × ३००), सुमारे १.६२. तापमान वाढलं तशी घनता उतरली, ४० मात्र जागचा हलला नाही. म्हणून घनता सांगताना दाब आणि तापमान सांगावंच लागतं, मोलर वस्तुमानाला ती अट नाही.

१९०४ साली या कामासाठी रॅले यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी रॅमसे यांना रसायनशास्त्राचं.