पन्नास डबे, दोन किमती

३१ मार्चला संध्याकाळी दुकान बंद करून तेलाचे डबे मोजले, तर पन्नास भरले. मोजणीत वाद नाही. प्रश्न पुढचा आहे: या पन्नास डब्यांची किंमत किती लावायची?

वर्षाच्या सुरुवातीला दुकानात ४० डबे होते, प्रत्येकी १,८०० रुपयांचे. मध्यंतरी १०० डबे २,००० च्या भावाने आले आणि मार्चमध्ये ६० डबे २,२०० ने. हे भाव गाडीभाडे आणि हमाली धरून आहेत; ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तो यात धरायचा नाही. एकूण २०० डबे, खर्च ४,०४,००० रुपये. पैकी १५० विकले.

पहिली पद्धत म्हणते, आधी आलेला माल आधी गेला. मग उरलेले पन्नास शेवटच्या खरेदीतले, म्हणजे १,१०,००० रुपयांचे. दुसरी पद्धत भारित सरासरीची: ४,०४,००० भागिले २००, म्हणजे डब्याला २,०२० रुपये आणि पन्नासांचे १,०१,०००. इथे एक चूक फार वेळा होते. १,८००, २,००० आणि २,२०० या तीन भावांची बेरीज करून तिनाने भागतात आणि २,००० धरतात. कोणत्या भावाने किती डबे आले, हे त्यात हरवतं.

डबे २,३०० ने विकले असतील, तर विक्री ३,४५,००० रुपयांची. ढोबळ नफा पहिल्या पद्धतीने ५१,००० येतो, सरासरीने ४२,०००. गल्ल्यात मात्र दोन्हीकडे पैसे सारखेच. हे जास्तीचे ९,००० रुपये नफा म्हणून घरी न्यायला निघालेल्या दुकानदाराला मी नक्की थांबवेन, कारण तेवढेच डबे पुन्हा भरायला आता २,२०० चा भाव मोजावा लागणार आहे. शिवाय आजची अखेरची शिल्लक हीच उद्याची सुरुवातीची शिल्लक. हे डबे विकले गेले की त्यांची खरेदी ९,००० ने महाग दिसते आणि नफा तेवढाच घटतो. भाव उतरत असले, तर सगळं उलटं होतं.

गोदामातला पोरगा प्रत्यक्षात कोणता डबा उचलतो, याचा या हिशेबाशी संबंध नाही. भाव कोणत्या क्रमाने वहीतून बाहेर काढायचे, एवढंच आपण ठरवतो. मला स्वतःला तेल, साखर अशा एकसारख्या मालाला सरासरी बरी वाटते; एका खरेदीच्या उसळीने नफा फारसा हलत नाही. औषधांसारख्या मुदतीच्या मालात जुनं आधी जातंच, तिथे पहिली पद्धत चपखल बसते.

भारतातल्या लेखामानक २ मध्ये दोन्ही चालतात; शेवटी आलेला माल आधी गेला, असं मात्र धरता येत नाही. आणि एक मर्यादा आहेच. समजा, बाजार पडला आणि विक्रीचा खर्च वजा जाता डब्याचे २,१०० च हाती येणार असतील, तर पहिल्या पद्धतीतले २,२०० खाली आणून १,०५,००० लिहावे लागतात. सरासरीचे २,०२० तसेच राहतात.