इसबाचा फोटो आणि सोबतच्या चार ओळी

लहान मुलाच्या अंगावर इसबाचे चट्टे उठले की हल्ली पहिली गोष्ट होते ती फोटो काढण्याची. तो व्हॉट्सअॅपवर बालरोगतज्ज्ञांकडे जातो आणि खाली एक ओळ असते: ‘डॉक्टर, अंगावर पुरळ आलंय, काय लावू?’ बहुतेक वेळा डॉक्टरांकडून उत्तराऐवजी प्रश्नच येतात. कधीपासून आहे? खाजवतं का? हाताला कसं लागतं? फोटोत यातलं काहीच नसतं. कॅमेरा चट्ट्याची जागा चांगली सांगतो, आकार बऱ्यापैकी सांगतो, पण रंगाच्या बाबतीत फसवतो. स्पर्श, खाज आणि काळ या गोष्टी तर त्याला टिपताच येत नाहीत.

रंगाचं आधी बघू, कारण आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. इसब म्हणजे लाल चट्टा, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते गोऱ्या कातडीचं वर्णन आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर तोच दाह जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो. कधी सलग चट्टा नसतोच, केसांच्या मुळांशी बारीक बारीक पुटकुळ्या उठतात आणि कातडी रवाळ होते. म्हणून ‘लाल आहे का?’ या प्रश्नाला आई खरेपणाने ‘नाही’ म्हणते आणि दाह चांगलाच असूनही तो सौम्य समजला जातो. त्यापेक्षा आजूबाजूच्या निरोगी कातडीशी तुलना करून लिहावं: तिच्यापेक्षा गडद आहे, जांभळट आहे, की फिकट आहे. हात फिरवल्यावर ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम लागते का, तेही लिहावं. सावळ्या कातडीत दाह ओळखायला रंगापेक्षा स्पर्शाची मदत अधिक होते.

फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढावा. थेट ऊन नको आणि फ्लॅशही नको, कारण फ्लॅशने खरखरीतपणा सपाट होऊन जातो. उजेड बाजूने तिरपा पडला की उंचवटे आणि खवले दिसतात. मलम किंवा तेल लावण्याआधी काढावा, नाहीतर चकाकी ओलेपणासारखी दिसते. अंघोळीनंतर लगेच काढला तर कातडी एरवीपेक्षा जास्त लालसर भासते. एक फोटो लांबून असावा, ज्यात पूर्ण हात किंवा पाय दिसेल, आणि एक जवळून, स्पष्ट. चेहरा सुंदर करणारे फिल्टर बंद ठेवावेत. ते नेमके खवलेच पुसून टाकतात. चट्टा चेहऱ्यावर नसेल तर चेहरा फोटोत घेण्याची गरज नाही.

आता एक उदाहरण घेऊ. पावणेदोन वर्षांची सावळी मुलगी, थंडीचे दिवस. दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत आणि डाव्या गुडघ्यामागच्या लवणीत चट्टे आले आहेत. ‘पुरळ आलंय’ याऐवजी तिच्या आईने असं लिहिलं तर:

‘नमस्कार डॉक्टर. मुलगी पावणेदोन वर्षांची, वजन साडेदहा किलो. दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत आणि डाव्या गुडघ्यामागे चट्टे आहेत. प्रत्येक चट्टा तिच्या तळहाताच्या निम्म्याएवढा. रंग बाजूच्या कातडीपेक्षा गडद, जांभळट. कडा स्पष्ट नाहीत, हळूहळू साध्या कातडीत मिसळतात. हाताला कोरडं, खरखरीत लागतं, बारीक कोंडा सुटतो. उजव्या कोपरावर खाजवल्याचे ओरखडे आहेत, एका जागी रक्ताची सुकलेली खपली. पाणी किंवा पू नाही, ताप नाही. तीन आठवडे झाले, थंडी वाढल्यापासून जास्त. गेल्या आठवड्यात चार रात्री खाजेमुळे उठली. लंगोटाच्या जागी काही नाही. घरात दुसऱ्या कुणाला खाज नाही. मागच्या हिवाळ्यात गालांवर असंच आलं होतं. तिच्या बाबांना दमा आहे. खोबरेल तेल लावतो. पाच दिवस दुकानातून आणलेलं मलम लावलं, त्याच्या ट्यूबचा फोटो सोबत आहे.’

एवढ्या मजकुरात डॉक्टरांना काय काय मिळालं ते पाहण्यासारखं आहे. रांगत्या वयात इसब गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो. मूल चालायला लागलं की तो बहुधा कोपर, गुडघा, मनगट, घोटा यांच्या घड्यांत सरकतो आणि लंगोटाखालची ओलसर जागा सहसा सुटते. मागच्या हिवाळ्यातले गाल आणि आताच्या घड्या हा प्रवास इसबाशी जुळतो. कडा मिसळतात म्हणजे गजकर्णाची शक्यता मागे पडते, कारण गजकर्णाची कड उठलेली, कोंडा सुटणारी असते आणि मधला भाग निवळत जातो. घरात कुणाला खाज नाही, हे खरजेच्या विरुद्ध जातं. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि लहान मुलांच्या तळहात-तळपायांवर पुटकुळ्या येतात आणि बहुधा घरातली इतर माणसंही खाजवत असतात. तळहाताचं मापही उगाच नाही. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगावरच्या कातडीचा साधारण एक टक्का, आणि डॉक्टर इसबाचा पसारा याच मापाने मोजतात.

झोपमोडीच्या रात्री मोजून लिहिणं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात तयार झालेली, ‘पोएम’ नावाची सात प्रश्नांची एक छोटी पत्रिका डॉक्टर वापरतात. मागच्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, पाणी सुटलं, भेगा पडल्या, कोंडा सुटला, कातडी कोरडी वाटली, एवढंच तीत विचारतात. म्हणजे आजार किती जोरात आहे हे ठरवताना त्यांचा भर चट्ट्याच्या रूपापेक्षा मुलाच्या आठवड्यावर असतो, आणि तो आठवडा फक्त घरच्यांनी पाहिलेला असतो.

मलमाचं नाव मात्र कधीच लपवू नये. दुकानात सहज मिळणाऱ्या कितीतरी मलमांत स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. ते गजकर्णाला लावलं तर कड विरून जाते आणि चट्टा ओळखू येईनासा होतो. इसबाला लावलं तर फोटोत तो आहे त्याहून बरा दिसतो. त्याच कारणाने ‘मला वाटतं ही अॅलर्जी आहे’ असा निष्कर्ष लिहिण्यापेक्षा जे दिसलं ते लिहावं.

काही चिन्हं दिसली तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नये. चट्ट्यावर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या किंवा पाणी सुटू लागलं तर जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवावं. एकाच आकाराच्या बारीक पाणीदार पुटकुळ्यांचा घोळका उठला, त्या फुटून गोल, खोल जखमा झाल्या, दुखतंय, पसरतंय, मूल तापलंय किंवा मलूल आहे, तर हा नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. इसबावर तो झपाट्याने पसरतो, आणि डोळ्याजवळ असेल तर डोळ्यालाही धोका असतो. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णालय गाठावं.

उपचार सुरू झाल्यावर पुढचा फोटो त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून काढावा. दाह ओसरल्यावर सावळ्या कातडीवर काळपट किंवा पांढुरके डाग मागे राहतात आणि ते जायला महिने लागू शकतात. घरचे घाबरून मलम चालूच ठेवतात किंवा औषध लागू पडलं नाही असं समजतात. गालावरचे पांढुरके डाग पाहून कुणी जंतांचं औषध देतं, कुणी कॅल्शियम. म्हणून दुसऱ्या संदेशात रंगाच्या आधी हे लिहावं: हात फिरवला तर गुळगुळीत लागतं की अजून खरखरीत, आणि या आठवड्यात किती रात्री उठली. कातडी गुळगुळीत झाली, खाज थांबली आणि फक्त रंग उरला असेल, तर मलम कधी कमी करायचं हे डॉक्टरांना ठरवता येतं.