काकू शिकागोला किती वाजता पोहोचणार?

आमच्या गटातल्या एक काकू मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत शिकागोला निघाल्या, तेव्हा त्यांचं तिकीट आम्ही गटाच्या बैठकीत उघडून बसलो होतो. मुंबईहून १५ जूनला पहाटे ४:२५ ला विमान, मध्ये दुबईला बदल, आणि शिकागोला १५ जूनलाच दुपारी ३:१५ ला पोहोच. एकीने लगेच बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "म्हणजे अकरा तासांत अमेरिका? आमची एसटी तर यवतमाळला जायला याहून जास्त वेळ घेते!" सगळ्या हसल्या, पण काकूंचा चेहरा उतरला. मुलगी तर म्हणाली होती की एकवीस तास लागतील. खरं कोण?

खरं मुलीचंच होतं. तिकिटावर जी वेळ छापलेली असते, ती त्या त्या गावच्या घड्याळाची असते. निघण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, दुबईची वेळ दुबईच्या घड्याळाची, आणि पोहोचण्याची शिकागोच्या. दोन वेगळ्या घड्याळांतली वेळ एकमेकांतून वजा केली की उत्तर चुकतंच. एकाच्या मापाने धान्य घ्यायचं आणि दुसऱ्याच्या मापाने मोजून द्यायचं, तसं ते होतं.

घड्याळं वेगळी का, तर पृथ्वी फिरते म्हणून. आपल्याकडे सूर्य डोक्यावर असतो तेव्हा अमेरिकेत रात्र असते. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, त्यामुळे पश्चिमेला जावं तसं घड्याळ मागे जातं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. शिकागो उन्हाळ्यात साडेदहा तास मागे असतं. यातला 'दीड'मधला आणि 'साडे'मधला अर्धा तास विसरायचा नाही. बहुतेक देशांची घड्याळं पूर्ण तासाच्या फरकाने चालतात, आपलं मात्र अर्ध्या तासावर आहे. त्यामुळे परदेशातली मुलं घाईत "दहा तासांचा फरक" असं सांगून टाकतात.

आता हिशेब. आम्हाला सगळ्यात सोपी वाटलेली रीत अशी, की वाटेत घड्याळ बदलायचंच नाही. घरचं, म्हणजे भारताचं घड्याळ शेवटपर्यंत चालू ठेवायचं, त्यात प्रवासाचे तास मिळवत जायचं, आणि फक्त शेवटी एकदाच परगावच्या वेळेत बदलायचं.

काकूंच्या तिकिटावर प्रत्येक विमानाला किती तास लागतात तेही लिहिलं होतं. मुंबई ते दुबई सव्वातीन तास. पहाटे ४:२५ मध्ये सव्वातीन तास मिळवले की भारतात सकाळचे ७:४० होतात. तिकिटावर दुबईला पोहोचण्याची वेळ ६:१० होती. ७:४० मधून दीड तास काढला की बरोबर ६:१०. इथेच आमची खात्री पटली की रीत जमतेय.

दुबईहून पुढचं विमान ९:४५ चं. मधला थांबा मोजणं सगळ्यात सोपं, कारण उतरायची आणि चढायची दोन्ही वेळा दुबईच्याच घड्याळाच्या आहेत. ६:१० ते ९:४५, म्हणजे तीन तास पस्तीस मिनिटं. भारतात तोवर सकाळचे ११:१५ झाले. पुढचं विमान साडेचौदा तासांचं. ११:१५ मध्ये साडेचौदा मिळवले की रात्रीचे पावणेदोन, आणि तारीख झाली १६ जून. आता एकदाच वजाबाकी करायची. १६ तारखेच्या रात्री १:४५ मधून साडेदहा तास मागे गेलो, की १५ तारखेची दुपार, ३:१५. तिकिटाशी जुळलं. प्रवास एकूण एकवीस तास वीस मिनिटांचा.

म्हणजे काकू शिकागोत दुपारच्या उन्हात उतरणार, तेव्हा आपल्याकडे गाव झोपलेलं असणार. दुबईहून निघाल्यावर साडेचौदा तास त्यांचा फोन लागणार नाही, हेही याच हिशेबातून कळलं. काकांना आम्ही सांगून ठेवलं, की सकाळी सव्वाअकरापासून रात्री पावणेदोनपर्यंत फोन लावत बसू नका, घाबरू तर मुळीच नका. उतरल्यावरही पासपोर्टची रांग आणि बॅगा यांत तास-दीड तास सहज जातो.

काकूंना एकच सांगितलं, की मनगटावरचं घड्याळ बदलू नका. फोनला दुबईत नेटवर्क मिळालं की तो आपणहून तिथली वेळ दाखवतो, पण विमानात तो जुनीच वेळ दाखवत राहतो, आणि मग कोणती वेळ बघतोय तेच कळत नाही. मनगटावर भारताची वेळ, आणि पुढचं विमान पकडायला विमानतळावरच्या फलकावरची वेळ. गोळ्या-औषधं चालू असतील, विशेषतः साखरेची, तर डॉक्टरांना हे तास दाखवून कोणती गोळी कधी घ्यायची ते निघण्याआधीच लिहून घ्यावं.

आता परतीचं सांगतो, कारण खरा घोळ तिथे होतो. मागे आमच्या ओळखीतल्या एक मावशी परदेशातून आल्या. त्यांच्या तिकिटावर मुंबईला पोहोचण्याची वेळ १२ तारीख, ०२:३० अशी होती. घरच्यांनी वाचलं 'बारा तारखेची रात्र', आणि १२ तारखेला संध्याकाळी निघायचं म्हणून गाडी ठरवली. पण १२ तारखेचे ०२:३० म्हणजे ११ ची रात्र उलटल्यावरचे अडीच. मावशी पहाटे बाहेर आल्या, तर कोणी नाही. शेजारच्या प्रवाशाच्या फोनवरून घरी फोन केला. गाव सहा तासांवर, त्यामुळे गाडी पोहोचेपर्यंत सकाळ उलटून गेली. जातानाही हेच लक्षात ठेवावं लागतं: काकूंचं विमान १५ च्या पहाटेचं, म्हणून घरातून त्या १४ लाच दुपारी निघाल्या. मध्यरात्रीनंतरची वेळ दिसली, की आदल्या दिवसाच्या तारखेवर खूण करायची. पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात +1 असेल, तर तो 'दुसऱ्या दिवशी' असा अर्थ आहे.

काकूंची परत येण्याची वेळही अशीच निघाली. शिकागोहून १० सप्टेंबरला रात्री ८:३५. भारतात तेव्हा ११ तारखेची सकाळ, ७:०५. तेरा तासांचं विमान, दुबईत तीन तास पंचवीस मिनिटं थांबा, पुढे तीन तास. एकूण एकोणीस तास पंचवीस मिनिटं मिळवली, की १२ तारखेचे पहाटेचे अडीच. जातानाचा १५ जूनचा दिवस काकूंना साडेचौतीस तासांचा मिळाला होता, त्यातले जास्तीचे साडेदहा तास येताना कापले गेले.

एक गोष्ट मात्र दरवेळी विचारून घ्यावी लागते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. आपल्याकडे आणि दुबईत असं काही नाही. त्यामुळे थंडीत शिकागोचा फरक साडेदहा नाही, साडेअकरा तास होतो. कोणी ऑक्टोबरात जाऊन डिसेंबरात परतणार असेल, तर जाताना एक आकडा आणि येताना दुसरा धरावा लागेल.

काकांनी हा कागद फडताळाच्या दाराला चिकटवला, आणि गाडीवाल्याला विमानाची तारीख सांगितली नाही. "११ सप्टेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी सहाला दारात ये," एवढंच सांगितलं.