तीस हजार आधी भरले तर

सोयाबीनचे पैसे हातात आले की बेंबळीतली मंडळी गाडी बघायला धाराशिवला जातात. शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "आज किती भरता?" दहा हजारांत गाडी दारात येत असेल, तर चाळीस कशाला मोडायचे?

हिशेबासाठी गाडीची ऑन-रोड किंमत १,००,००० रुपये, मुदत तीन वर्षे आणि व्याज सरळ, म्हणजे फ्लॅट, १० टक्के धरू. दहा हजार भरले तर कर्ज ९०,०००. त्यावर वर्षाला ९,००० प्रमाणे व्याज २७,००० आणि हप्ता ३,२५०. चाळीस हजार भरले तर कर्ज ६०,०००, व्याज १८,००० आणि हप्ता साधारण २,१६७. जास्तीच्या तीस हजारांनी नऊ हजार वाचवले.

इथे 'दहा टक्के' हा आकडा फसवा आहे. पहिल्या कर्जात दोन वर्षे हप्ते भरल्यावर मुद्दल साधारण ३५ हजारच उरते, पण तिसऱ्या वर्षीही व्याज पूर्ण ९०,००० वरच धरलेले असते. घटत्या शिल्लकीवर मोजले तर हाच दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो.

खरा फायदा मात्र हप्ता कमी करण्यात नाही, मुदत कमी करण्यात आहे. ६०,००० चे कर्ज दोनच वर्षांचे घेतले, दर तोच मिळाला, तर व्याज १२,००० आणि हप्ता ३,०००. म्हणजे ९०,००० च्या हप्त्यापेक्षा अडीचशे कमी, एक वर्ष आधी मोकळे आणि व्याजात १५,००० ची बचत. शोरूममध्ये हा पर्याय आपणहून कोणी मांडेलच असे नाही. तो विचारावा लागतो.

भरलेले सगळे पैसे कर्जातून वजा झाले का, हेही बघावे. चाळीस हजारांतले पाच हजार फाइल चार्ज आणि सीट कव्हर-गार्डमध्ये गेले, तर कर्ज ६५,००० चे होते आणि तीन वर्षांचे व्याज १९,५००. पावतीवरचा आकडा मोठा दिसतो, पण व्याज ठरते ते मंजूर रकमेवर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावे लागते, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात कर्जाची रक्कम आणि सगळे चार्ज धरून निघणारा वार्षिक दर असतो. सही करण्याआधी ह्या दोन ओळी वाचाव्यात.

आणि ते तीस हजार घरचे हवेत. गावात कुणाकडून शेकडा तीनने उचलले, तर महिन्याला ९०० रुपये व्याज. दहा महिन्यांत वाचलेले नऊ हजार सावकाराकडे गेलेले असतात, आणि मुद्दल तसेच उभे.